साठा मोजावा दिवसांत

भोसरी-चाकण पट्ट्यात पर्चेस आणि स्टोअरच्या खात्यांत ज्यांनी उमेदीची वर्षे घालवली, त्यांनी अलीकडे एक गमतीची उलटापालट पाहिली आहे. पूर्वी महिन्याच्या आढावा बैठकीत साठ्याचा आकडा जरा चढलेला दिसला की स्टोअरवाल्याला जाब विचारला जाई. साठा म्हणजे अडकलेला पैसा, आणि अडकलेला पैसा म्हणजे ढिसाळ कारभार, असा सरळ हिशेब होता. २०२० नंतर त्याच बैठकीत, त्याच खुर्च्यांवर बसलेली माणसे विचारू लागली, ‘एवढाच का ठेवला?’ पुढे २०२३च्या सुमारास रॅक ओसंडून वाहू लागले, तेव्हा पुन्हा पहिला प्रश्न परतला. या दोन्ही प्रश्नांना उत्तरे देण्याची वेळ माझ्यावर आली, आणि दोन्ही प्रश्न मला सारखेच अपुरे वाटले. दोन्हींत साठा रुपयांत मोजला जातो, आणि सगळ्या सुट्या भागांचा मिळून एकच आकडा काढला जातो. जो भाग चार दिवसांत पुन्हा मिळू शकतो तो आणि ज्याला सहा महिने लागतात तो, असे दोघेही त्या आकड्यात शेजारी बसलेले असतात.

‘जस्ट इन टाइम’, म्हणजे हवे तेव्हा आणि हवे तेवढेच आणणे. आणि ‘जस्ट इन केस’, म्हणजे वेळ सांगून येत नाही म्हणून आधीच भरून ठेवणे. या दोन पद्धतींची भांडणे मी पुष्कळ ऐकली. ती बहुतेक वेळा मताची असतात, मोजमापाची नसतात. मोजमाप शिकायचे असेल तर टोयोटाच्या उदाहरणाइतके उपयोगी दुसरे सापडत नाही. एक तर ‘जस्ट इन टाइम’ ही पद्धत त्यांच्याच घरची. किइचिरो टोयोडांनी ती कल्पना युद्धापूर्वी मांडली आणि ताइची ओहनो यांनी युद्धानंतर कानबान कार्डांच्या साह्याने ती कारखान्यात रुजवली. दुसरे म्हणजे, याच कंपनीचा पुरवठा गेल्या तीस वर्षांत पुन्हा पुन्हा तुटला, आणि प्रत्येक वेळी वेगळ्या ठिकाणी तुटला. एखाद्या अपघाताने कोणतीही पद्धत ना सिद्ध होते ना बाद होते. अपघातांची मालिका मात्र काहीतरी सांगते.

पहिला मोठा प्रसंग १ फेब्रुवारी १९९७चा. शनिवारी पहाटे आयसिन सेइकी या कंपनीच्या कारिया इथल्या पहिल्या क्रमांकाच्या कारखान्याला आग लागली. तिथे ब्रेकच्या दाबाचे प्रमाण राखणारा एक छोटा झडपेसारखा भाग तयार होई, ज्याला पी-व्हॉल्व्ह म्हणतात. किंमत किरकोळ, पण तो नसेल तर गाडी लाइनवरून उतरवता येत नाही. टोयोटाच्या जपानमधल्या जवळजवळ सगळ्या गाड्यांना हा व्हॉल्व्ह या एकाच कारखान्यातून जात होता, आणि टोयोटाकडे त्याचा साठा तासांत किंवा फार तर दोन-तीन दिवसांत मोजण्याइतकाच होता. मंगळवार-बुधवारपर्यंत देशातल्या बहुतेक असेंब्ली लाइन थांबल्या.

पुढे जे घडले ते व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमांत आजही शिकवतात. आयसिनने नकाशे, म्हणजे भागांची ड्रॉइंग, मागेल त्याला दिली. गटातल्या आणि गटाबाहेरच्या डझनावारी कंपन्यांनी आपापल्या मशीनवर हा व्हॉल्व्ह कापायला घेतला. त्यांत ब्रदर ही शिलाई मशीन बनवणारी कंपनीही होती, जिने मोटारींचे सुटे भाग यापूर्वी केलेले नव्हते. आगीनंतर चार-पाच दिवसांत पहिले व्हॉल्व्ह आले आणि आठवडा-दीड आठवड्यात लाइन जवळपास पूर्ववत चालू लागल्या. भाव किंवा करार यांवर घासाघीस करत कोणी थांबले नाही. हिशेब नंतर झाले, आणि नीट झाले.

यातून त्या वेळी निघालेला निष्कर्ष असा, की साठा नसला तरी चालेल, पुरवठादारांचे जाळे मजबूत असले की पुरे. निष्कर्ष चुकीचा नव्हता, पण तो एका अटीवर उभा होता आणि ती अट कोणी मोठ्याने बोलून दाखवली नाही. पी-व्हॉल्व्ह हा कापून, छिद्रे पाडून, घासून तयार होणारा भाग आहे. अचूकपणा लागतो, पण मशीन साधीच लागते, म्हणजे जी हजारो वर्कशॉपमध्ये असतेच. ड्रॉइंग, जिग आणि चांगला कारागीर हाती असेल तर हे काम दुसरीकडे हलवता येते. जाळे कामाला आले ते या कारणाने. माणसांच्या सद्भावनेचा त्यात मोठा वाटा होताच, पण त्या सद्भावनेला हातात धरायला मशीन मिळाली.

दुसरा प्रसंग १६ जुलै २००७चा. निगाता प्रांतात भूकंप झाला आणि काशिवाझाकी इथला रिकेन कंपनीचा कारखाना बंद पडला. रिकेन पिस्टन रिंग बनवते. जपानमध्ये लागणाऱ्या पिस्टन रिंगांपैकी जवळपास निम्म्या तिच्याकडून येत. तीन दिवसांत टोयोटाने देशातले सगळे बाराही कारखाने थांबवले, आणि इतर वाहन कंपन्यांचीही तीच गत झाली. या वेळी काम दुसरीकडे हलवता आले नाही. रिंगेचे ओतकाम, तिला आकार देणाऱ्या खास मशीन, वरचा मुलामा, यांतले काहीच शेजारच्या वर्कशॉपमध्ये मिळत नाही. त्यामुळे वाहन कंपन्यांनी उलटे केले. काम बाहेर नेण्याऐवजी शेकडो माणसे काशिवाझाकीला पाठवली. त्यांनी सरकलेल्या मशीन जागेवर आणल्या, लेव्हल केल्या, सुरू केल्या. आठवड्याभरात रिंगा निघू लागल्या. इथेही सुटका लवकर झाली, पण ती दुसऱ्या कारणाने. मशीन हलल्या होत्या, मोडल्या नव्हत्या.

तिसरा प्रसंग ११ मार्च २०११चा, आणि इथे दोन्ही उपाय संपले. ईशान्य जपानचा भूकंप आणि त्सुनामी यांत इबाराकी प्रांतातला रेनेसास कंपनीचा नाका इथला कारखाना उद्ध्वस्त झाला. इंजिनापासून ब्रेकपर्यंत सगळीकडे लागणारे मायक्रोकंट्रोलर, म्हणजे गाडीतल्या छोट्या नियंत्रक चिप, तिथे बनत. मोटारींसाठी लागणाऱ्या अशा चिपच्या जागतिक बाजारात रेनेसासचा वाटा सुमारे ४० टक्के होता. पुन्हा माणसे धावून गेली. एका टप्प्यावर रोज सुमारे अडीच हजार बाहेरची माणसे त्या कारखान्यात राबत होती. तरीही उत्पादन सुरू व्हायला १ जून उजाडला, आणि पूर्वीइतका पुरवठा व्हायला सप्टेंबर लागला. स्वच्छ खोल्या पुन्हा उभारणे हा एक भाग झाला. पण सगळी यंत्रे ठाकठीक असतानाही वेफरवर पहिली प्रक्रिया झाल्यापासून तयार चिप हाती यायला तीन-साडेतीन महिने लागतात. माणसे वाढवून तो काळ आटत नाही. दुसऱ्या कारखान्यात तीच चिप करायची म्हटले तर तिथली प्रक्रिया नव्याने बसवावी लागते, तिच्या चाचण्या नव्याने द्याव्या लागतात, आणि त्यात वर्षही जाऊ शकते.

या तीन प्रसंगांकडे ओळीने पाहिले की एक गोष्ट नीट दिसते. तुटलेला पुरवठा किती दिवसांत जुळेल हे त्या भागाच्या किमतीवर अवलंबून नसते, पुरवठादार किती मोठा यावरही नसते. तो भाग कोणत्या प्रक्रियेने बनतो, यावर ते अवलंबून असते. व्हॉल्व्हचे काम हलवता आले, रिंगेच्या मशीन दुरुस्त करता आल्या, चिपसाठी मात्र थांबावे लागले. पुरवठा साखळीचे अभ्यासक डेव्हिड सिम्ची-लेव्ही यांनी फोर्ड कंपनीसोबत काम करताना हीच गोष्ट दोन मापांत बसवली. पुरवठा तुटल्यावर तो पूर्ववत व्हायला किती दिवस लागतील, हे पहिले माप. आणि तो तुटलेला असताना हातातल्या, वाटेतल्या आणि शिल्लक मालावर आपली लाइन किती दिवस चालेल, हे दुसरे. पहिल्याला आपण सावरण्याचे दिवस म्हणू, दुसऱ्याला तगण्याचे दिवस. सावरण्याचे दिवस तगण्याच्या दिवसांपेक्षा जास्त असतील तिथे धोका आहे, कमी असतील तिथे साठा फुकट पडून आहे. या मापात पुढचा अपघात आग असेल की पूर की साथ, हे भविष्य वर्तवावे लागत नाही, हा मला त्यातला मोठा गुण वाटतो. ते कोणाला वर्तवता येतही नाही.

आपल्याकडे सेफ्टी स्टॉक काढायचे जे सूत्र शिकवतात, ते या कामाचे नाही. मागणी रोज किती खालीवर होते आणि माल यायला किती दिवस लागतात, या दोहोंवरून ते सूत्र साठा ठरवते. रोजच्या चढउतारासाठी ते चांगले आहे. गाडी एक दिवस उशिरा आली, शेड्यूल दहा टक्क्यांनी वाढले, एवढे ते झेलते. पण पुरवठादार चार महिने शून्यावर गेला तर काय, हा प्रश्नच त्या सूत्रात नाही. अनेक कंपन्यांच्या संगणकात तो साठा ‘सुरक्षित’ या नावाने दिसत राहतो आणि मोठ्या साहेबांना वाटते की सोय झाली आहे.

२०११मध्ये टोयोटाला दुसरा धक्का बसला तो माहितीचा होता. एकाच भागासाठी दोन-दोन पुरवठादार ठेवण्याची काळजी त्यांनी पुष्कळ ठिकाणी घेतली होती. पण ते दोघेही आपल्या आत बसवायची चिप त्याच एका कारखान्यातून घेत होते. वर टोयोटा एक, मधे पुरवठादार अनेक, आणि खाली पुन्हा एकच कारखाना, अशी ती रचना निघाली. कोणकोणते भाग अडले आहेत याची खात्रीची यादी करायलाच त्यांना कित्येक आठवडे लागले, कारण पुरवठादाराच्या पुरवठादाराचा पुरवठादार कोण, हे त्यांच्या कागदावर कुठेच नव्हते. मोटारीच्या रंगाला चमक देणारे एक विशिष्ट रंगद्रव्यही जगात फक्त ओनाहामा इथल्या मर्क कंपनीच्या कारखान्यात बनत होते. तो बंद पडल्यावर अमेरिकेतल्या फोर्डला काही काळ्या आणि लाल छटांच्या गाड्यांच्या ऑर्डर थांबवाव्या लागल्या. हा भाग आपल्याला अडवू शकतो, हे तोवर कुणाच्या गावीही नव्हते.

त्यानंतर टोयोटाने जे केले ते लोक समजतात तसे ‘जस्ट इन टाइम’ सोडून देणे नव्हते. त्यांनी पुरवठादारांच्या खालच्या पायऱ्यांपर्यंतची माहिती गोळा करून ‘रेस्क्यू’ नावाची यादी संगणकात उभी केली, म्हणजे कुठे काही घडले की आपला कोणता भाग कोणत्या गावात बनतो हे लगेच कळावे. भागांची छाननी करून जिथे सावरायला फार दिवस लागतील ते वेगळे काढले. त्यांतल्या चिपसाठी पुरवठादारांना सांगितले, की माल यायला जेवढा काळ लागतो त्यानुसार दोन ते सहा महिन्यांचा साठा ठेवा. बाकीचे हजारो भाग पूर्वीसारखेच तासाच्या हिशेबाने येत राहिले.

दहा वर्षांनी त्याची परीक्षा झाली. २०२०च्या साथीत वाहन कंपन्यांनी चिपच्या ऑर्डर रद्द केल्या, चिप कारखान्यांनी ती जागा लॅपटॉप आणि फोनवाल्यांना दिली, आणि मागणी परतली तेव्हा वाहनांसाठी जागा उरली नव्हती. २०२१च्या सुरुवातीला फोक्सवॅगन, फोर्ड, जनरल मोटर्स लाइन थांबवत असताना टोयोटा आपल्याकडे चार महिन्यांपर्यंतचा चिपसाठा असल्याचे सांगत होती. त्या वर्षी तिने अमेरिकेत जनरल मोटर्सपेक्षा जास्त गाड्या विकल्या. अमेरिकेतला पहिला क्रमांक जनरल मोटर्सकडे १९३१पासून होता. आपल्याकडे मारुतीने त्याच वर्षी सप्टेंबरमधले उत्पादन नेहमीच्या ४० टक्क्यांवर येईल असे जाहीर केले होते, हे वाचकांना आठवत असेल.

पण गोष्ट इथे थांबवली तर ती अर्धीच सांगितल्यासारखी होईल. ऑगस्ट २०२१मध्ये टोयोटानेही सप्टेंबरच्या जागतिक उत्पादनात सुमारे ३,६०,००० गाड्यांची, म्हणजे ४० टक्क्यांची कपात जाहीर केली. मलेशिया आणि व्हिएतनाममध्ये साथ पसरून तिथले कारखाने बंद झाले होते आणि चिपची टंचाई साठ्याच्या मुदतीपेक्षा लांबली होती. साठ्याने त्यांना सहा-आठ महिने दिले, कायमची सुटका दिली नाही. साठा विकत घेतो तो वेळ, आणि त्या वेळात दुसरी सोय झाली नाही तर तो संपतो.

आता हेच माप आपल्या पट्ट्यातल्या एखाद्या मध्यम कारखान्याला लावून पाहू. समजा, तो दुचाकीसाठी डिजिटल स्पीडोमीटर बनवतो. आकडे मी हिशेबाला सोपे जावेत म्हणून गोल घेतले आहेत, पण प्रमाण खऱ्यासारखे आहे. रोज १,००० नग, महिन्याचे २५ दिवस. नगामागे कच्चा माल वगैरे बदलता खर्च वजा जाता ३५० रुपये उरतात. म्हणजे लाइन एक दिवस बंद राहिली तर साडेतीन लाख गेले. ग्राहकाची लाइन थांबवल्याबद्दल येणारी डेबिट नोट त्यात धरलेली नाही.

आतली मुख्य चिप १२० रुपयांची. एकच उत्पादक, परदेशात. तिथे काही झाले तर सावरायला चार-सहा महिने धरावेत. चार महिन्यांचा साठा म्हणजे १,००,००० चिप, १ कोटी २० लाख रुपये. बँकेचे व्याज, विमा, जागा आणि काही माल जुना होऊन वाया जाणे, हे मिळून वर्षाला १५ टक्के धरले तर हा साठा सांभाळायला वर्षाला १८ लाख लागतात. म्हणजे साधारण पाच दिवसांच्या लाइन बंदीइतके. दहा वर्षांत एकदा पन्नास दिवसांची बंदी आली तर पावणेदोन कोटींचे नुकसान, आणि दहा वर्षांचा साठ्याचा खर्च १ कोटी ८० लाख. दोन्ही पारडी जवळजवळ सारखी. बंदी पाच वर्षांतून एकदा येणार असेल तर साठा स्वस्त पडतो, वीस वर्षांतून एकदा येणार असेल तर महाग. गेल्या काही वर्षांचा अनुभव पाहता मी साठ्याच्या बाजूने कौल देईन. पण हा कौल डोळे झाकून देण्याइतका सोपा नाही, हे हिशेब केल्याशिवाय कळत नाही.

त्याच स्पीडोमीटरचे प्लास्टिकचे बाहेरचे आवरण घ्या. किंमत ९० रुपये, म्हणजे चिपच्या आसपासच. म्हणून याचाही चार महिन्यांचा साठा करावा का? एक लाख आवरणांना गोदामाचा अख्खा भाग लागेल, त्यांवर ओरखडे पडतील, आणि मॉडेलचा रंग बदलला की सगळी भंगारात जातील. बनवणारा मात्र सहा किलोमीटरवर आहे. त्याची मशीन बिघडली तर साचा उचलून त्याच क्षमतेच्या दुसऱ्या मशीनवर चढवता येतो आणि दोन-तीन दिवसांत माल सुरू होतो. तेव्हा तीन-चार दिवसांचा साठा पुरे. खरा धोका साचाच फुटण्याचा, कारण नवा साचा व्हायला सहा-आठ आठवडे लागतात. त्यावर आवरणे साठवणे हा उपाय नाही. साच्याचे झिजणारे भाग सुटे करून ठेवणे, त्याचे अद्ययावत ड्रॉइंग आपल्याकडे असणे, नग फार असतील तर दुसरा साचा करणे, हे उपाय आहेत. व्हॉल्व्हच्या वेळी आयसिनकडे ड्रॉइंग होती म्हणून ती वाटता आली. आपल्याकडे कित्येक साच्यांची शेवटची दुरुस्ती फक्त टूलरूममधल्या मिस्त्रीच्या डोक्यात असते.

राहिले स्क्रू. ते पैशा-दोन पैशांच्या गोष्टी, जागाही खात नाहीत. दोन महिन्यांचे आणून टाकावेत आणि त्यांवर कोणी बैठक घेऊ नये. एकाच उत्पादनात तीन भाग आणि तिघांना तीन उत्तरे. ‘आपली कंपनी जस्ट इन टाइम आहे’ किंवा ‘आता आपण जस्ट इन केस झालो’ ही वाक्ये त्यामुळे मला निरर्थक वाटतात. कंपनी तशी नसते, भाग तसे असतात.

साठा ठेवायचा ठरल्यावरही तो राखणे हे वेगळे काम आहे, आणि त्यात होणारी घसरण हळू असते. चिप हवाबंद, ओलावा शोषणारी पुडी घातलेल्या पिशवीत येते. पिशवी फोडली की ठरावीक तासांत वापरावी लागते, नाहीतर भट्टीत वाळवून घ्यावी लागते. काही ग्राहक दोन वर्षांपूर्वीच्या तारखेची चिप स्वीकारतच नाहीत. म्हणून राखीव साठा कोपऱ्यात कुलूप लावून ठेवायचा नसतो. नवा माल त्यात जायला हवा आणि जुना त्यातून लाइनवर यायला हवा, पण एकूण नग कमी होता कामा नये. इथेच गफलत होते. एखादी गाडी दोन दिवस उशिरा येते, प्रॉडक्शनवाला राखीवमधून पाच हजार मागतो, ‘परवा भरून देतो’ म्हणतो. असे चार वेळा झाले की चार महिन्यांचा साठा कागदावर राहतो आणि रॅकवर अडीच महिन्यांचा. माझा अनुभव असा की राखीव साठ्याला किती वेळा आणि कशासाठी हात लागला, याची तिमाही नोंद कोणी पाहत असेल तरच तो टिकतो. ती नोंद दुसऱ्याही कामाची असते. वारंवार हात लागत असेल तर पुरवठादाराकडे रोजचीच काहीतरी गडबड आहे आणि साठा ती झाकतो आहे. कमी साठ्याने दोष उघडे पडतात, हे ‘जस्ट इन टाइम’वाल्यांचे मूळ म्हणणे इथे पुरेपूर खरे ठरते. राखीव साठा ठेवणाऱ्याने ते विसरता कामा नये.

दुसरी गफलत घबराटीची. २०२१-२२मध्ये कित्येकांनी एकाच गरजेची ऑर्डर तीन वितरकांकडे नोंदवली, जो आधी देईल त्याची घ्यायची म्हणून. चिप कारखान्यांना ती तिप्पट मागणी दिसली, मुदती आणखी लांबल्या, त्यामुळे लोकांनी आणखी ऑर्डर दिल्या. मग सगळा माल एकदमच येऊ लागला. टंचाई असताना उभारलेला साठा महाग पडतो आणि टंचाईत भरही घालतो. साठा उभारायची वेळ बाजार शांत असताना असते, नेमकी तेव्हाच ज्या वेळी बैठकीत तो कमी करण्याचा आग्रह असतो.

या सगळ्यात ज्या प्रश्नावर आपल्याकडे सर्वांत कमी बोलले जाते तो म्हणजे साठा कोणाच्या पैशांवर. मोठ्या कंपनीच्या ताळेबंदात तिचा साठा तीन दिवसांचा दिसतो. पण तिच्या गेटबाहेरच्या भाड्याच्या गोदामात पुरवठादाराने पंधरा दिवसांचा माल भरून ठेवलेला असतो आणि तो लाइनवर चढेपर्यंत त्याचे बिल धरले जात नाही. ही पद्धत मी जवळून पाहिली आहे. एका मोठ्या ग्राहकाने टंचाईनंतर पत्र धाडले, की यापुढे महिन्याचा साठा ठेवावा; दरात त्यासाठी एक पैसाही नव्हता. साठा यातून नाहीसा होत नाही. ज्याला बँक आठ टक्क्यांनी पैसे देते त्याच्याकडून तो ज्याला तेरा-चौदा टक्क्यांनी मिळतात त्याच्याकडे सरकतो, आणि साखळीचा एकूण खर्च वाढतो. शिवाय छोटा पुरवठादार तो साठा ठेवल्याचे सांगतो आणि ठेवत नाही, कारण त्याला परवडतच नाही. टोयोटाने चिपचा साठा पुरवठादारांकडेच ठेवायला लावला, पण दरवर्षी त्यांच्याकडून जी दरकपात ती घेते त्यातला काही भाग या साठ्यासाठी परत देते, असे २०२१मध्ये छापून आले होते. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे ४५ दिवसांत दिले नाहीत तर खरेदीदाराला तो खर्च त्या वर्षी आयकरात धरता येत नाही, ही तरतूद आपल्याकडे २०२३-२४पासून लागू झाली. ती बिलाच्या मुदतीपुरती आहे. बिलच न धरलेल्या गोदामातल्या मालापर्यंत ती पोचत नाही.

साठ्याच्या मर्यादेचा शेवटचा दाखलाही टोयोटाचाच. फेब्रुवारी २०२२च्या अखेरीला कोजिमा प्रेस या पुरवठादाराच्या संगणकांवर हल्ला झाला आणि १ मार्चला टोयोटाने जपानमधले चौदाही कारखाने बंद ठेवले. सुमारे १३,००० गाड्या राहिल्या. २९ ऑगस्ट २०२३ला पुन्हा चौदाही कारखाने थांबले. या वेळी ऑर्डर हाताळणाऱ्या सर्व्हरमध्ये जागा उरली नव्हती. दोन्ही वेळा भाग बनवणारी यंत्रे शाबूत होती. कोणता भाग केव्हा कुठे पाठवायचा, हे सांगणारा निरोप तुटला होता. चिपचा सहा महिन्यांचा साठा या दोन दिवसांत काहीच करू शकला नाही.

म्हणून साठ्याच्या बैठकीत रुपयांच्या तक्त्याआधी एक वेगळा तक्ता असावा असे मला वाटते. भागाचे नाव, तो शेवटी कोणत्या गावात आणि कोणत्या प्रक्रियेने बनतो, तुटला तर सावरायला किती दिवस, आपण तगू किती दिवस, आणि मधले अंतर भरायचे ते साठ्याने की दुसऱ्या वाटेने. शेवटच्या रकान्यात, त्याचा खर्च कोण देणार. हजार भागांच्या कारखान्यात अंतर असलेल्या ओळी तीस-चाळीसच निघतात. त्यांचा निकाल लावला की उरलेले नऊशे साठ भाग निर्धास्तपणे रोजच्या रोज आणता येतात. ‘जस्ट इन टाइम’ चालू ठेवण्याचा हक्क मिळतो तो या थोड्या ओळींकडे नीट पाहिल्याने, आणि शेवटचा रकाना कोरा ठेवून तो हक्क कोणालाच मिळत नाही.